आवाज बसलाय. कुजबुजत बोललं तर घशाला खरंच आराम मिळतो का?

शाळेतली_बाई
परळला चौथीच्या वर्गाला शिकवते. शाळा अगदी रस्त्याला लागून, खिडक्या उघड्या, त्यामुळे हॉर्नच्या वर आवाज काढावा लागतो. सर्दीचं निमित्त झालं आणि आवाज पार बसला. सासूबाईंच्या सांगण्यावरून घरी सगळं कुजबुजतच बोलते. पण संध्याकाळी मान भरून येते आणि आवाज सकाळपेक्षा घोगरा. असं का होत असेल?

दादरकर
कुजबुजताना स्वरतंतू थरथरत नाहीत, एकमेकांवर आपटत नाहीत. म्हणजे आरामच. मान उशीमुळे दुखत असेल.

स्पीच_थेरपिस्ट
थरथर नसते हे बरोबर, दादरकर. पण ताण नसतो असं नाही. समोरच्याला ऐकू जावं म्हणून आपण हवा जोरात सोडतो आणि बऱ्याच जणांचा स्वरतंतूंच्या वरचा भाग आवळला जातो. २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १०० रुग्णांच्या घशात दुर्बिणीने पाहिलं, तर ६९ जणांत कुजबुजताना आवळणं वाढलं, १८ जणांत फरक नव्हता, १३ जणांत उलट कमी झालं. म्हणजे सगळ्यांचं सारखं नसतं. पण बाई, तुमची मान भरून येते, तेव्हा तुमचंही आवळत असावं.

गळ्यावर तळहात ठेवून ओठ मिटून ‘म्म्म’ करा. हाताला थरथर लागेल. तीच हलकी थरथर ठेवून ‘मला पाणी दे’ म्हणा, हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू जाईल इतकंच. थरथर गेली तर ती कुजबूज झाली. गळा आवळला तर जोर जास्त झाला. पलीकडच्या खोलीत हाक मारू नका, उठून जा. आणि सारखं खाकरू नका, घोटभर पाणी प्या.

रियाजवाली
माझ्या स्वरतंतूवरची गाठ काढली तेव्हा डॉक्टरांनी बोलणंच बंद ठेवलं होतं. आता आवाज जड वाटला की मी मिठाच्या गुळण्या करते, त्या कराव्यात बाईंनी.

स्पीच_थेरपिस्ट
ऑपरेशननंतरचे नियम वेगळे, तिथे सर्जन सांगतील तेच. गुळण्यांनी घशाला बरं वाटतं, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत जात नाही.

शाळेतली_बाई
करून पाहिलं. आवाज फाटकाच येतो, पण मान आवळत नाही. वर्गात मात्र हा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही जाणार नाही.

स्पीच_थेरपिस्ट
नाहीच जाणार, आणि जाईल असा ताणूही नका. सुट्टी मिळत असेल तर घ्या, नाहीतर कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि माईक. चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. श्वास लागला, रक्त पडलं किंवा ओरडताना आवाज अचानक गेला, तर थांबू नका.

शाळेतली_बाई
आमच्या दोन वर्गांमध्ये फक्त लाकडी पार्टिशन आहे. असा माईक कोणी वापरलाय का? पलीकडच्या वर्गाला त्रास होतो का?