‘समान’ इरादा की ‘सामाईक’?

स्नेहल: सराव परीक्षेतला प्रश्न आहे. पाच जण काठ्या घेऊन शेजाऱ्याचं कुंपण उखडायला जातात. शेजारी आडवा येतो, तेव्हा त्यांच्यातला एक कमरेचा सुरा काढून त्याला भोसकतो. शेजारी मरतो. उरलेल्या चौघांवर खुनाची जबाबदारी कशामुळे? पर्याय: समान उद्देश, समान हेतू, दोन्ही, एकही नाही. मी पहिला दिला, उत्तरसूचीत दुसरा आहे. इथे ‘उद्देश’ म्हणजे नक्की काय धरायचं?

माधव: पाच किंवा जास्त माणसं असली की उद्दिष्ट, म्हणजे ‘कॉमन ऑब्जेक्ट’; कमी असली की इरादा, म्हणजे ‘कॉमन इंटेन्शन’. इतकंच लक्षात ठेव.

मीनाताई: माधव, अर्धंच बरोबर. पाचाची अट उद्दिष्टाला आहे, जुन्या दंड संहितेच्या कलम १४९ ला आणि आताच्या न्याय संहितेच्या कलम १९० ला. इरादा दोघांनाही लागतो आणि दहांनाही. स्नेहल, पर्यायच गोंधळाचे आहेत. ‘उद्देश’ हा शब्द काही पुस्तकांत इराद्यासाठी येतो, काहींत उद्दिष्टासाठी. आणि ‘हेतू’ तर तिसरीच गोष्ट, गुन्ह्यामागचं कारण. जुनं वैर हा हेतू, मारायचं ठरवणं हा इरादा.

माझ्या मते खरा घोळ ‘समान’ने होतो. ‘समान’ म्हणजे सारखा. इराद्याच्या जुन्या कलम ३४ ला सारखा पुरत नाही, सामाईक लागतो, सामाईक विहिरीसारखा. १९४५ साली महबूब शाहच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, हाच भेद धरला. दोघे बंदुका घेऊन साथीदाराला सोडवायला धावले, एकाच्या गोळीने माणूस मेला. इरादा दोघांचा सारखा असेल, पण मारायचं दोघांनी मिळून ठरवल्याचा पुरावा नव्हता. महबूब शाह खुनातून सुटला.

स्नेहल: म्हणजे आधी बैठक हवी?

मीनाताई: नाही, जागेवरही ठरू शकतं. पण ठरलं पाहिजे, आणि प्रत्येकाचा काहीतरी सहभाग हवा. उद्दिष्टाला असं मनोमीलन लागत नाही. तुझ्या प्रश्नात उद्दिष्ट कुंपण पाडण्याचं. खून त्यासाठी झाला का, किंवा असं घडण्याची शक्यता चौघांना माहीत होती का, ते बघायचं. सुरा लपवलेला होता, म्हणून मी ‘एकही नाही’कडे झुकते.

माधव: पण पाच जण काठ्या घेऊन गेले, तर जीव जाऊ शकतो हे कळणारच ना?

मीनाताई: त्यावर दोन मतं होतील. काठी कुठे आणि किती मारली, यावर बरंच अवलंबून. प्रश्नात ते दिलेलंच नाही.

प्रकाश: माझ्या चुलतभावाचं नाव ‘गैरकायद्याची मंडळी’, म्हणजे बेकायदा जमावातला म्हणून फिर्यादीत आहे. तो फक्त बघत उभा होता. मग इरादा नाही म्हणून सुटेल ना?

मीनाताई: प्रकाशभाऊ, तिथे प्रश्न इराद्याचा नाही. तो मंडळीतला होता की बघ्यांतला, हा आहे. त्यांच्याबरोबर आला का, हातात काही होतं का, बरोबर निघून गेला का? मंडळीतला ठरला, तर स्वतः हात न उचलताही अडकू शकतो. वकिलांना हेच आधी सांगा.

स्नेहल: उत्तरसूचीवर हरकत घ्यायची तर काय लिहू?