अनुभव धागा: टीममध्ये नवीन आलेल्याला आपला बोर्ड कसा समजावता?

सोमवारी आमच्याकडे एक नवीन मुलगी जॉईन होतेय, आणि बोर्ड समजावायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात आलंय. आमच्याकडे जिरा आहे, कानबान बोर्ड. बॅकलॉग, रेडी, इन प्रोग्रेस, रिव्ह्यू, क्यूए रेडी, क्यूए, डन. प्रत्येक कॉलमचा अर्थ सांगणारं एक पान लिहून ठेवलेलं आहे आणि मागच्या वेळी आलेल्या मुलाने ते नीट वाचलंही होतं, तरी पहिल्या आठवड्यात त्याची कार्डं भलतीकडेच सापडायची. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण जे पानावर होतं ते तो पाळत होता आणि आम्ही जे करतो ते पानावर नव्हतंच. तर तुमच्याकडे हे कसं करता? काय सांगता, काय मुद्दाम सांगत नाही, कशावर हमखास गोंधळ होतो? सविस्तर लिहा, घाई नाही.

खिडकीतला टेस्टर

मी क्यूएत आहे, त्यामुळे बोर्डाचा सगळा गाळ शेवटी माझ्या कॉलममध्ये येतो, म्हणून जरा मोठं लिहितो.

कॉलमच्या व्याख्या सांगणं मी सोडून दिलंय. त्याऐवजी नुकतंच डन झालेलं एक कार्ड उघडायचं आणि त्याची हिस्टरी खालून वर दाखवायची. शेवटच्या वेळी घेतलं होतं ते कार्ड होतं 'रिफंडचा एसएमएस दोनदा जातो'. रेडीमध्ये सगळ्यात वर होतं. आमच्यात रेडीतून वरचंच कार्ड उचलायचं, आवडीचं नाही, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही. उचलताना आधी स्वतःचं नाव लावायचं, मग इन प्रोग्रेसमध्ये ओढायचं. उलटं केलं तर मधल्या पाच मिनिटांत दुसरा कुणीतरी तेच कार्ड स्वतःच्या नावावर करतो, असं झालेलं आहे. ब्रँचच्या नावात कार्डाचा नंबर टाकायचा, म्हणजे `PAY-214-refund-sms` असं काहीतरी, नाहीतर कोड आणि कार्ड एकमेकांना जोडले जात नाहीत आणि नंतर शोधत बसा.

आता खरी मेख. रिव्ह्यू झाला, मर्ज झालं, संध्याकाळचे सहा वाजलेत. नवीन माणूस कार्ड लगेच क्यूए रेडीत टाकतो, कारण पानावर लिहिलंय 'कोड पूर्ण, टेस्टिंगसाठी तयार'. पण आमच्या टेस्ट सर्व्हरवर नवीन बिल्ड चढतो दुसऱ्या दिवशी अकराला. मी सकाळी साडेनऊला बसतो, कार्ड दिसतं, उचलतो, टेस्ट करतो, एसएमएस दोनदाच येतो. मी लिहितो 'बग तसाच आहे' आणि कार्ड परत. तो बिचारा दोन तास लॉग चाळतो, त्याला काहीच सापडत नाही, कारण त्याचा कोड तिथे पोचलेलाच नाही. म्हणून आमचा नियम असा की मर्ज झालं म्हणजे क्यूए रेडी नाही, टेस्ट सर्व्हरवर चढलं म्हणजे क्यूए रेडी, आणि तोपर्यंत कार्ड रिव्ह्यूतच राहतं. हलवताना कमेंटमध्ये बिल्ड नंबर टाकायचा. आमच्या ॲपच्या तळाशी बिल्ड नंबर दिसतो, तो आणि कमेंटमधला जुळला तरच मी हात लावतो. 'बग तसाच आहे' असं कुणी म्हटलं की आधी हे दोन आकडे बघायचे, लॉग नंतर.

आणि क्यूए रेडीतून क्यूएत कार्ड फक्त टेस्टरने ओढायचं. डेव्हलपरने ढकलायचं नाही. नाहीतर क्यूएमध्ये आठ कार्डं दिसतात आणि मी प्रत्यक्षात एकाच कार्डावर असतो, मग मॅनेजरना वाटतं टेस्टिंग अडलंय.

घाईतला जोशी

याला सोपा उपाय आहे, क्यूए कॉलमला डब्ल्यूआयपी लिमिट लावा. तीनची लिमिट लावली की चौथं कार्ड जिरा टाकूच देत नाही. नवीन माणसाला काही समजवायलाच नको.

खिडकीतला टेस्टर

लिमिट लावावी हे बरोबर, पण जिरा अडवत नाही हो. कॉलम लाल होतो, बस. चौथं काय, चौदावं कार्डही आत जातं. आमच्या बोर्डावर तो कॉलम इतके दिवस लाल होता की नवीन मुलाला वाटलं त्याचा रंगच लाल आहे. लिमिट लावायची असेल तर लाल झाल्यावर कोणी काय करायचं तेही सांगावं लागतं. आमच्यात लाल झाला की रेडीतून नवीन कार्ड उचलायचं नाही, आधी अडकलेल्याला मदत करायची.

घाईतला जोशी

ओके, आमच्याकडे अडवायचं असं नक्की आठवतंय. कदाचित आमच्या ॲडमिनने वेगळं काहीतरी बसवलं असेल.

चाकणचा मेंटेनन्सवाला

आमच्याकडे कॉम्प्युटरवर नाही, शॉपफ्लोरवर पांढरा बोर्ड आहे, मॅग्नेट आणि कार्डं, चालेल ना इथे? आमचे कॉलम म्हणजे आलेलं काम, पार्ट मागवला, चालू, ट्रायल, बंद. नवीन ट्रेनी आला की त्याला मी एकच गोष्ट दोनदा सांगतो, मशीन चालू झालं म्हणजे कार्ड 'बंद'मध्ये जात नाही. एक पूर्ण शिफ्ट ट्रायलमध्ये राहतं आणि ऑपरेटरची सही झाल्याशिवाय हलत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला काम झालं असं वाटणारच, पण रात्रपाळीला तेच बेअरिंग परत ओरडलं की रात्रपाळीचा माणूस बोर्ड बघतो, त्याला कार्ड 'बंद' दिसतं आणि तो पहिल्यापासून शोधायला लागतो. दुसरं म्हणजे कार्ड तिरकं लावलं असेल तर पार्ट आलाय पण चुकीचा आलाय. हे कुणी सुरू केलं माहीत नाही. लिहिलेलं कुठेच नाही, पण सगळ्या लाईनला माहीत आहे.

मडगावची_चित्रा

तिरकं कार्ड भारीच!! आमचा छोटा डिझाईन स्टुडिओ, ट्रेलो वापरतो. ट्रेलोत लेबलचे नुसते रंग ठेवता येतात, नाव न देता. आमच्याकडे सगळे जुने, कुणालाच नावांची गरज पडली नव्हती. लाल म्हणजे क्लायंटचे पैसे बाकी आहेत, हात लावू नका. नवीन इंटर्न आला, त्याने लाल बघितलं आणि साहजिकच अर्जंट समजून पहिले तीन दिवस फक्त लाल कार्डांवर मन लावून काम केलं. काम छान केलं होतं हो, फुकट गेलं एवढंच. आता सगळ्या रंगांना नावं दिलीत. आणि नवीन माणसाला पहिल्याच दिवशी कार्डावरच्या रंगाच्या पट्टीवर क्लिक करायला सांगते, म्हणजे पट्टी मोठी होऊन नावं दिसतात, अख्ख्या बोर्डावर एकदम. हे पुष्कळांना माहीतच नसतं.

अनिवासी ॲडमिन

मी बाहेर असतो, टीम अर्धी पुण्यात अर्धी इकडे. बोर्डाचं ॲडमिन माझ्याकडे आहे, म्हणून पडद्यामागचं थोडं.

नवीन माणसाला मी एक गोष्ट सांगतोच. जिरात कॉलम आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डाला स्टेटस असतं, आणि कोणतं स्टेटस कोणत्या कॉलममध्ये दाखवायचं ते बोर्डाच्या सेटिंगमध्ये ठरतं. एका कॉलममध्ये दोन स्टेटस असू शकतात, आणि एखादं स्टेटस कुठल्याच कॉलमला जोडलेलं नसलं तर ते कार्ड बोर्डावरून गायब होतं. डिलीट होत नाही, फक्त दिसत नाही. आमच्याकडे कुणीतरी 'ऑन होल्ड' स्टेटस वर्कफ्लोमध्ये आणलं आणि बोर्डाला जोडायचं राहिलं. नवीन मुलीने आपलं कार्ड प्रामाणिकपणे ऑन होल्ड केलं, दुसऱ्या दिवशी स्टँडअपला कार्डच नाही, तिला वाटलं आपण उडवलं. नंबर टाकून सर्च केलं की कार्ड उघडतं पण बोर्डावर नाही, असं दिसलं तर आधी स्टेटस बघायचं. असली अनाथ स्टेटस सेटिंगमध्ये कॉलमच्या पानावर वेगळी मांडलेली दिसतात.

लेबलबद्दल. जिराची लेबलं कुणीही टाईप करून तयार करू शकतं, म्हणून `hotfix`, `hot-fix` आणि `hotfixes` अशी तीन भावंडं आमच्याकडे सुखाने नांदत होती आणि रिलीजची यादी फक्त पहिल्यावरून निघायची. नवीन माणसाला मी सांगतो की लेबल टाईप करून एंटर मारू नको, दोन अक्षरं टाक आणि खाली येणाऱ्या यादीतून निवड. यादीत नसेल तर विचार. शिवाय कुठलं लेबल कोण वाचतं तेही सांगावं. आमच्याकडे `cs` म्हणजे कस्टमर सपोर्टकडून आलेली तक्रार, तसलं कार्ड डन केलं की सपोर्टला मेसेज टाकायचा, नाहीतर ग्राहकाला कुणी कळवतच नाही. बाकी निम्मी लेबलं आता कुणीच वाचत नाही, तेही सरळ सांगतो.

नुकताच_लागलोय

मी पलीकडच्या बाजूने लिहितो, गेल्या वर्षी मीच नवीन होतो. मला कॉलम समजले होते, कार्डावरचा फोटो समजला नव्हता. आधीच्या कंपनीत कार्ड रिव्ह्यूला गेलं की रिव्ह्यू करणाऱ्याच्या नावावर करायचो. इथे नाव बदलतच नाहीत, ज्याने उचललं त्याचंच नाव डनपर्यंत. मी सवयीने कार्ड सीनियरच्या नावावर केलं, त्यांना वाटलं मी काम त्यांच्यावर ढकललं, मला वाटलं ते रिव्ह्यू करत नाहीयेत, आणि दोघंही गप्प. मग एका ताईंनी सांगितलं की आपल्याकडे फोटो म्हणजे 'या कार्डाबद्दल कुणाला विचारायचं', 'आत्ता कोण करतंय' असं नाही. हे एक वाक्य पहिल्या दिवशी मिळालं असतं तर!

अजून एक, स्टँडअपला आम्ही बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचतो, म्हणजे डनच्या जवळची कार्डं आधी. मी आपला माझा नंबर कधी येतो याची वाट बघत बसायचो आणि मीटिंग संपायची.

शनिवारवाली

सगळं पटलं, पण टेस्टर साहेबांचं एक नाही पटलं. बग सापडला की तुम्ही कार्ड परत मागे पाठवता? आमच्याकडे कार्ड मागे जात नाही. क्यूएतच राहतं, त्याला फ्लॅग लावतो, पिवळं होतं, डेव्हलपर तिथेच दुरुस्त करतो. मागे पाठवलं की ते इन प्रोग्रेसच्या गर्दीत हरवतं आणि नवीन माणसाला ते नापास झाल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

खिडकीतला टेस्टर

आम्ही मागे पाठवतो, कारण क्यूएत पडून राहिलं तर माझी लिमिट भरते आणि दुसरं काही घेता येत नाही. पण तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, मागे गेलेली कार्डं आमच्याकडे खरंच हरवतात. आमची क्यूए टीम दोघांची, तुमची?

शनिवारवाली

पाच जणींची. म्हणून जमत असेल कदाचित.

धागाकर्ती

भरपूर मिळालं, धन्यवाद सगळ्यांना. हिस्टरीवाली युक्ती सोमवारी करणार. कार्ड निवडताना मुद्दाम एकदा तरी परत आलेलं घेईन, सरळ गेलेल्या कार्डात दाखवायला फार काही नसतं. फोटोबद्दल मात्र आज टीमला विचारलं तर तिघांनी तीन उत्तरं दिली, त्यामुळे आधी आमचंच ठरवावं लागणार असं दिसतंय. आणि ॲडमिन, डनमधली जुनी कार्डं आमच्याकडे आपोआप दिसेनाशी होतात, ते पण स्टेटसमुळेच का?

अनिवासी ॲडमिन

नाही, ते वेगळं. कानबान बोर्डावर ठरावीक दिवसांपेक्षा जुनी पूर्ण झालेली कार्डं लपवायचं सेटिंग असतं, सहसा दोन आठवड्यांवर असतं. सर्चमध्ये सापडतील. सोमवारी दाखवायचं कार्ड त्याहून जुनं असेल तर नंबर आधीच लिहून ठेवा.