ड्रॉ नो बेट, डबल चान्स, शून्य हँडिकॅप: तिघांना मराठीत एकच शब्द चालेल का?

वेंगुर्लेकर: फुटबॉलच्या शब्दसूचीचं मराठी करायचं काम घेतलंय. ‘ड्रॉ नो बेट’ला मी ‘बरोबरीवर पैज नाही’ लिहिलं, तर तपासणारे म्हणाले की यातून बरोबरीवर पैसे लावता येत नाहीत असा अर्थ लागतो. पुढे डबल चान्स आणि एशियन हँडिकॅप शून्य पण आहेत. मला तर तिन्हींचा अर्थ एकच वाटतोय, बरोबरी झाली तरी पैसे बुडत नाहीत. मग एकच शब्द दिला तर?

देवगडचो आंबो: चालतलो की! तिन्ही ड्रॉ सेफ. नावां येगळी, माल तोच.

कॅरमपटू: डबल चान्स म्हणजे दोनदा खेळायला मिळणं ना? आमच्याकडे स्ट्रायकर घसरला की दुसरा चान्स देतात.

खाडीकाठ: नाही हो, इथे दुसरा चान्स वगैरे नसतो. तीन निकालांपैकी दोन एकदम घ्यायचे, उदा. यजमान जिंको किंवा बरोबरी होवो, स्क्रीनवर `1X` दिसतं. आणि आंबोचं अर्धंच बरोबर आहे. बुडत नाहीत हे खरं, पण परत मिळणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. समजा यजमानांचा भाव २.५०, बरोबरीचा ३.२०. तुम्ही १०० रुपयांतले ३१.२५ बरोबरीवर लावले तर बरोबरीला बरोब्बर १०० परत येतात, उरलेले ६८.७५ यजमानांवर, ते जिंकले तर साधारण १७२. हाच घरी बनवलेला ड्रॉ नो बेट. आता तेच १०० असे वाटा की दोन्हीकडून सारखेच यावेत, म्हणजे ५६ यजमानांवर आणि ४४ बरोबरीवर, मग यजमान जिंकले काय नि बरोबरी झाली काय, १४०च्या आसपास मिळतात, हा झाला डबल चान्स. पाहुणे जिंकले तर दोन्हीकडे शून्य. म्हणजे बरोबरीला १०० ऐवजी १४० हवे असतील तर जिंकल्यावरचे ३२ सोडायचे.

देवगडचो आंबो: म्हणजे पयलो आमचो विसार, सौदो मोडलो की परत. समाजला. पण मग हँडिकॅप कित्याक?

खाडीकाठ: हँडिकॅप म्हणजे एका संघाला कागदावर गोलांची सूट. शून्य म्हणजे सूटच नाही, बरोबरी झाली की पैसे परत, म्हणून तो ड्रॉ नो बेटचा जुळा भाऊ. अर्ध्या गोलाची सूट दिली की बरोबरीसुद्धा विजय धरली जाते, तो मग डबल चान्सचा जुळा. अर्धा गोल कोणी मारत नाही, म्हणून तिथे ‘परत’ हा प्रकारच उरत नाही.

मिऱ्याची मेघा: माझं ऐका आधी. २०२२च्या वर्ल्डकप फायनलला आमच्या वाडीत चुलतभावाशी भज्यांची पैज, मी अर्जेंटिना घेतलं, बरोबरी झाली तर पैज मोडली असं ठरलेलं. पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली तरी त्याने भजी दिली नाहीत!

खाडीकाठ: नियमाने भाऊ बरोबर 😄 या तिन्ही प्रकारांत एरवी ९० मिनिटं आणि वर मिळालेला इंज्युरी टाइम एवढंच धरतात, एक्स्ट्रा टाइम आणि पेनल्टी नाही. तेव्हा स्कोअर २-२ होता. ड्रॉ नो बेट, पैसे परत. अर्जेंटिना किंवा बरोबरी असा डबल चान्स मात्र जिंकला असता.
आणि तुमच्या मॅचमुळे आठवलं, खरी गोम मॅच चालू असताना लावलेल्या पैजेत आहे. हाफटाइमला अर्जेंटिना २-० पुढे होती. तेव्हा कोणी फ्रान्सवर ड्रॉ नो बेट घेतला असता तर शेवटी २-२, पैसे परत. पण तेव्हाच फ्रान्सवर शून्य हँडिकॅप घेतला असता तर तो जिंकला असता, कारण चालू मॅचमध्ये एशियन हँडिकॅप पैज लावल्या क्षणापासून ०-० धरून मोजतात आणि त्यानंतर फ्रान्सने दोन मारले (एम्बाप्पे, ८० आणि ८१ मिनिटं), अर्जेंटिनाने ९० मिनिटांत एकही नाही. जुळे भाऊ मॅच सुरू व्हायच्या आधीपर्यंतच!

वेंगुर्लेकर: बापरे, मग एक शब्द गेलाच. ‘बरोबरीत पैसे परत’ ड्रॉ नो बेटला ठेवतो, ‘दोनांपैकी एक’ डबल चान्सला?

कॅरमपटू: दोनांपैकी एक म्हटलं की दोन संघांपैकी एक वाटतं राव.

खाडीकाठ: खरंय, आणि तोही एक प्रकार आहेच, `12`, कोणीही जिंको पण बरोबरी नको. मी तर डबल चान्स तसाच ठेवेन आणि खाली एक ओळ लिहीन. शून्य हँडिकॅपला ‘बिनसुटीचा’ कसा वाटतो?

देवगडचो आंबो: बिनसुटीचो म्हणजे आमका वाटतला पोरांका सुट्टी नाय.

मिऱ्याची मेघा: शब्द काय ते ठरवा, माझ्या भज्यांचं काय? त्याने ९० मिनिटं असं कधी म्हटलंच नव्हतं.