मदत हवी आहे: एसपीआय सुधारतोय, पण ताबा पुढेच जातोय

मंडळी, १० महिन्यांत संपवायच्या एका इमारतीचं प्लॅनिंग मी बघतो. बजेट १०० लाख. नवव्या महिन्याअखेर ९५ लाखांचं काम व्हायला हवं होतं, झालं ८४ लाखांचं. झालेल्या कामाला नियोजित कामाने भागलं की एसपीआय ०.८८. आता अकरावा महिना संपला, झालेलं काम ९५ लाखांचं, म्हणून एसपीआय ०.९५. साहेब खूश! पण मुदत उलटल्यावर नियोजित आकडा १०० वरच थांबतो, त्यामुळे कितीही उशीर झाला तरी काम संपताना हा एसपीआय १ होणारच.

म्हणून अर्न्ड शेड्यूल काढलं, म्हणजे झालेलं काम मूळ प्लॅनमध्ये कितव्या महिन्यापर्यंत व्हायचं होतं ते बघितलं. ८४ लाखांचा टप्पा मूळ प्लॅनमध्ये ७.६ व्या महिन्यात होता, म्हणजे ७.६ ÷ ९ = ०.८४. आजचे ९५ लाख प्लॅनमध्ये नवव्या महिन्याचे, म्हणजे ९ ÷ ११ = ०.८२. वेग उलट घटलाय. १० ला ०.८२ ने भागलं तर एकूण १२.२ महिने लागतील.

माझी अडचण पुढे आहे. यातले शेवटचे ११ लाख मुख्यतः प्लास्टर-टाइल्सचे आहेत. लिफ्ट क्रिटिकल पाथवर आहे, म्हणजे ती लांबली की ताबाही तेवढाच लांबतो, आणि तिचे रेल्ससुद्धा अजून शाफ्टमध्ये लागलेले नाहीत. त्यामुळे १२.२ हासुद्धा मला आशावादीच वाटतो.

फक्त क्रिटिकल पाथवरच्या कामांचं अर्न्ड शेड्यूल वेगळं कोणी काढतं का? मधेच पाथ बदलला तर जुने आकडे कसे जुळवता?