प्रति: घोरण्यावर दातांत घालायचं माउथपीस

"गरम पाण्यात मऊ करून चावायचं माउथपीस ऑनलाइन मिळतंय. बाबांसाठी मागवू का? त्यांना खाली पूर्ण कवळी आहे."

नका मागवू, अडचण त्या कवळीचीच आहे. हे माउथपीस खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतं. जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि तिच्यामागची श्वासाची वाट मोकळी राहते. रात्रभर ती ओढ दातांनी सोसायची असते. कवळी निघूनच येईल. दात हलत असतील, हिरड्या खराब असतील किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल, तरी हे नको.

माझा श्वास स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास तपासतात त्या चाचणीत, तासाला 12 वेळा अडत होता, म्हणजे सौम्य (5 ते 15). दातांच्या डॉक्टरांनी मापं घेऊन माझं माउथपीस बनवलं, वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन ट्रे. जबडा जितका पुढे जातो त्याच्या साधारण निम्म्यावर सुरुवात, मग हळूहळू स्क्रू फिरवून अर्धा-अर्धा मिलिमीटर पुढे. सकाळी दाढा एकमेकींना टेकतच नाहीत, पोळीचा तुकडाही तुटत नाही. अर्ध्या तासात जागेवर येतात. हा वेळ वाढायला लागला तर दात सरकतायत समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

दोन महिन्यांनी बायको म्हणाली, घोरणं बंद. तरी ट्रे घालून पुन्हा स्टडी केली, तर आकडा 9! घोरण्याचा आवाज गेला होता, श्वास अडतच होता. आणखी दीड मिलिमीटर पुढे नेल्यावर 4 वर आला. बाबांची स्टडी झाली आहे का?