आकडा आणि मागणी आधी

"आधी कंपनीची ओळख दिली नाही तर गुंतवणूकदाराला आकडा कळणार कसा?"

आकड्याच्याच वाक्यात ओळख बसते. गुंतवणूकदाराला पाठवायच्या मेलच्या तुमच्या परिच्छेदात नाशिकचा कांदा, शेतकऱ्याचं नुकसान, सेन्सरची कल्पना असं सगळं झाल्यावर पाचव्या वाक्यात 64 चाळी येतात आणि "सहकार्याची अपेक्षा" शेवटी. फोनवर मेल उघडणारा तिथवर पोचत नाही. मी असं लिहीन: "निफाड-पिंपळगाव भागातल्या 64 कांदाचाळी आमच्या ओलावा-तापमान सेन्सरसाठी महिन्याला प्रत्येकी 900 रुपये भरतात, म्हणजे 57,600 रुपये, गेल्या हंगामात अशा 18 चाळी होत्या. आम्ही 40 लाख रुपये उभे करतोय, त्यातून पुढच्या हंगामात 400 चाळींपर्यंत जायचंय. या आठवड्यात वीस मिनिटं बोलता येईल का?" कांदा का सडतो ते यानंतर, दोन ओळींत.

मात्र 57,600 ला बाराने गुणून वार्षिक उत्पन्न म्हणू नका. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि दिवाळीच्या आसपास चाळी रिकाम्या होतात. इथला कोणीही पहिल्याच फोनवर विचारेल, डिसेंबरात पैसे कोण भरतं? म्हणून किती महिने भरतात ते त्याच वाक्यात लिहा. आणि मागणीत "कन्व्हर्टिबल नोट", म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज, घालणार असाल तर जपून: मान्यताप्राप्त स्टार्टअपला हे पैसे ठेव न मानण्याची सवलत एका गुंतवणूकदाराकडून एकाच हप्त्यात किमान 25 लाख आले तरच मिळते. पाच-पाच लाखांचे आठ जण धरले असतील तर शेअर देण्याचाच मार्ग लिहा, आणि त्याआधी सीएला दाखवा.