मदत हवी आहे: घसरणाऱ्या शिडीच्या उदाहरणात एकके कुठे बदलावीत?

गौरी:
बारावीच्या सरावातील एका उदाहरणात मी अडले आहे. ६.५ मीटर लांबीची शिडी उभ्या भिंतीला टेकवलेली असून तिचा पाय सेकंदाला १२ सेंटिमीटर अशा स्थिर वेगाने भिंतीपासून दूर ओढला जात आहे. पाय भिंतीपासून २.५ मीटरवर असेल त्या क्षणी वरचे टोक किती वेगाने खाली येईल, आणि शिडीचा जमिनीशी असलेला कोन किती वेगाने कमी होईल, असे दोन प्रश्न आहेत.

पायाचे अंतर x आणि टोकाची उंची y धरल्यास x² + y² = ४२.२५ मी², म्हणून त्या क्षणी y = ६ मी. अवकलन केल्यावर

dy/dt = −(x/y) · dx/dt = −(२.५ ÷ ६) × १२ = −५

म्हणजे ५ सेंमी/से, आणि ते पुस्तकातील उत्तराशी जुळते. कोनासाठी cos θ = x ÷ ६.५ घेतल्यावर dθ/dt = −(dx/dt) ÷ y = −१२ ÷ ६ = −२ येते, पुस्तकात मात्र ०.०२ रेडियन/से दिले आहे. पहिल्या भागात जे चालले ते दुसऱ्या भागात का चालत नाही?

पराग:
सर्व राशी आधी मीटरमध्ये आणाव्यात, म्हणजे १२ सेंमी/से ऐवजी ०.१२ मी/से. मग दुसरे उत्तर आपोआप ०.०२ येईल. पहिले उत्तर सरमिसळ करूनही जुळले, तो निव्वळ योगायोग होता.

वसंतराव:
परागचा उपाय योग्य आहे, पण पहिल्या भागात योगायोग नव्हता. तिथे x/y या गुणोत्तरात मीटरने मीटर जातो आणि २.५ ÷ ६ ही नुसती संख्या उरते, त्यामुळे dx/dt ज्या एककात असेल त्याच एककात dy/dt मिळतो. दुसऱ्या भागात मात्र सेंमी/से या राशीला मीटरने भागले आहे. एकके प्रत्येक ओळीत लिहिली असती, तर शेवटी −२ सेंमी/(मी·से) असे उरले असते. सेंटिमीटर हा मीटरचा शंभरावा भाग असल्याने त्याची किंमत −०.०२ प्रतिसेकंद होते. रेडियन हे लांबीला लांबीने भागून येणारे माप असल्यामुळे ते या हिशेबात वेगळे दिसत नाही, पण cos θ चे अवकलज −sin θ लिहिताना आपण कोन रेडियनमध्येच गृहीत धरलेला असतो. अंशांत हवे असल्यास ते सुमारे १.१५ अंश प्रतिसेकंद होईल. सेकंदाला २ रेडियन म्हणजे जवळजवळ ११५ अंश. इतक्या संथपणे ओढलेली शिडी या वेगाने वळणे शक्य नाही, एवढ्यावरूनही चूक लक्षात येते.

संजय:
मी इमारतींच्या रंगकामाची कामे घेतो. गुळगुळीत फरशीवर शिडीचा पाय सटकला, तर ती सेकंदाला ५ सेंटिमीटर अशी सावकाश कधीच येत नाही, एकदम खाली येते. मग हा हिशेब कशाचा आहे?

वसंतराव:
संजयजी, तुम्ही सांगता ती शिडी स्वतःच्या वजनाने घसरते, त्यामुळे तिच्या पायाचा वेग बदलत राहतो. या उदाहरणात पाय कोणीतरी एकाच वेगाने ओढत आहे आणि गणित केवळ लांबीच्या बंधनाचे आहे. त्यात वजन किंवा घर्षण कुठेच येत नाही.

पराग:
पण y शून्याकडे गेल्यावर x/y अमर्याद वाढतो, म्हणजे टोकाचा वेगही अमर्याद व्हायला हवा. शिडी मूळ उंचीच्या दोन-तृतीयांशावर आल्यावर भिंत सोडते, असे मी वाचले आहे. म्हणजे हे सूत्र तिथपर्यंतच लागू आहे का?

वसंतराव:
दोन-तृतीयांशाचा निष्कर्ष घर्षण नसताना, स्थिर अवस्थेतून आपोआप घसरू लागलेल्या एकसमान शिडीचा आहे. तो संजयजींच्या शिडीला अधिक जवळचा आहे. पाय स्थिर वेगाने ओढताना घर्षणरहित भिंतीची प्रतिक्रिया शून्य होण्याची अट y³ = २L²u² ÷ ३g अशी येते, जिथे L ही शिडीची लांबी आणि u हा पायाचा वेग. एककांत पाहिले तर मी² × (मी/से)² ÷ (मी/से²) म्हणजे मी³, दोन्ही बाजू जुळतात. इथे मात्र u = ०.१२ मी/से असेच घालावे लागते. L = ६.५ मी आणि g = ९.८१ मी/से² घेतल्यास y सुमारे ०.३५ मीटर येतो. तोपर्यंत टोकाचा वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास पोहोचलेला असतो; त्यानंतर टोक भिंतीला टेकलेले राहत नाही, म्हणून x² + y² = L² हे समीकरणही लागू राहत नाही.

गौरी:
धन्यवाद सर. आता प्रत्येक ओळीत एकके लिहून दोन्ही भाग पुन्हा सोडवले आणि उत्तरे जुळली. एक शंका उरली आहे: पहिल्या भागाचे उत्तर −५ सेंमी/से लिहावे, की ‘५ सेंमी/से वेगाने खाली येते’ असे लिहावे? आमच्या वर्गात दोन्ही मते आहेत.

पराग:
प्रश्नात ‘खाली येईल’ असे असेल, तर ऋण चिन्ह पुन्हा लावू नये असे मला वाटते.

वसंतराव:
मी dy/dt = −५ सेंमी/से ही ओळ ठेवून खाली वाक्यात ५ सेंमी/से लिहीन. परीक्षक काय ग्राह्य धरतील, हे मात्र तुमच्या शिक्षकांनाच विचारा.